डेस्कटॉपवरची फाइल गेली कुठे?

कॉलेजच्या लॅबमध्ये दुपारी लाइट गेली आणि दहा मिनिटांनी आली. तिसऱ्या रांगेतली मुलगी रडकुंडीला आली होती. बावीस पानांचा प्रोजेक्ट रिपोर्ट, दर थोड्या वेळाने Ctrl+S दाबून डेस्कटॉपवर ठेवलेला. आता डेस्कटॉप लख्ख रिकामा. ‘‘सर, मी खरंच सेव्ह केलं होतं!’’ मी तेव्हा तिथे लॅब सांभाळत होतो. ती खरं बोलत होती, तरी फाइल मला परत देता आली नाही.

अशा कॉम्प्युटरवर बहुधा ‘डीप फ्रीझ’ किंवा त्याच जातीचं सॉफ्टवेअर असतं. ते मूळ डिस्कला हात लावू देत नाही. तुम्ही जे सेव्ह करता ते डिस्कवरच्या मोकळ्या जागेत जातं आणि ‘हे इथे ठेवलंय’ अशी तात्पुरती नोंद होते. रीस्टार्ट झालं की ही नोंदच टाकून दिली जाते. म्हणून फाइल रीसायकल बिनमध्येही सापडत नाही. वर्ड आपणहून जपून ठेवतं ती प्रतही C: ड्राइव्हवरच असते, त्यामुळे तीही जाते. लॅबवाल्यांचा यात दोष नाही. रोज नवी पोरं येऊन बसतात तिथे व्हायरस, गेम आणि बिघडवलेली सेटिंग्ज एका रीस्टार्टने साफ होतात.

घड्याळाजवळ पांढऱ्या अस्वलाचं चित्र दिसलं तर ते डीप फ्रीझ. अस्वलावर लाल फुली असेल तर ते तेवढ्यापुरतं बंद आहे. पण हे चित्र लपवताही येतं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स ही तिन्ही ठिकाणं सहसा C: वरच असतात आणि गोठवलेला असतो तो मुख्यतः हाच ड्राइव्ह. D: बऱ्याचदा मोकळा असतो, पण नेहमी नाही. खात्री हवी तर D: वर नोटपॅडची एका ओळीची फाइल ठेवा, रीस्टार्ट करा आणि बघा. फाइल टिकली तरी ती पुढच्या माणसालाही उघडता येईल, हे विसरू नका.

म्हणून पहिली ओळ टाइप करण्याआधीच वर्डमध्ये F12 दाबा आणि फाइल थेट पेन ड्राइव्हवर सेव्ह करा. शेवटी कॉपी करू म्हणणाऱ्यांचाच घात लाइट करते. पेन ड्राइव्हही दगा देतो, तेव्हा अर्ध्या-पाऊण तासाने तीच फाइल स्वतःला ईमेल करा.

सायबर कॅफेत एक गंमत उलटी वापरता येते. आधीच्या गिऱ्हाइकाने आणलेला व्हायरस रीस्टार्टपर्यंत जिवंत असतो आणि तुमच्या पेन ड्राइव्हवर उडी मारू शकतो. तिथून त्याला कुठलंही रीस्टार्ट काढत नाही. त्यामुळे बसण्याआधी मशीन एकदा रीस्टार्ट करून घ्या. उठताना ईमेलमधून साइन आउट करा, पेन ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करून काढा आणि पुन्हा एकदा रीस्टार्ट करा.