कातळ आणि पडीक वरकस

कोकणातल्या उघड्या कातळावर मातीच नसते. तिथे आधी दगडफूल चिकटतं. त्याच्या आम्लाने दगड कणाकणाने सुटतो. खाचेत धूळ साचली की शेवाळ येतं, मग पावसाळी गवत. झाडाला पुरेल इतकी माती व्हायला शतकं जातात. हे प्राथमिक अनुक्रमण.

शेजारचं नाचणीचं वरकस पडीक टाकलं, तर काम बरंच सोपं. माती असते, तिच्यात दबलेलं बी असतं, तोडलेल्या ऐन-किंजळाची जिवंत खोडंही असतात. पहिल्या पावसात तण माजतं, मग गवत, काही वर्षांत करवंदीच्या जाळ्या. त्यांवर बसणारे पक्षी विष्ठेतून नवं बी टाकतात. या दुय्यम अनुक्रमणात काही दशकांतच रान उभं राहतं. मात्र दरवर्षी वणवा लागला, तर कोवळी रोपं जळतात आणि माळावर गवतच उरतं.