शंभराव्यांदा ऐकू येणारं वाक्य

२०११ साली आलेल्या ‘स्कायरिम’ या व्हिडिओ गेममध्ये गावोगावी पहारेकरी उभे असतात. खेळाडू जवळून गेला की ते काहीबाही बोलतात. त्यातला एक जण सांगतो, की आपणही एकेकाळी असेच साहसी मुशाफिर होतो, पण गुडघ्यात बाण बसला आणि ते दिवस संपले. पहिल्यांदा ऐकताना त्या माणसाबद्दल जरा वाईट वाटतं. मग पुढच्या गावातला पहारेकरीही तेच सांगतो. त्याच्या पुढच्या गावातलाही. गेम बाजारात आल्यावर थोड्याच दिवसांत हा गुडघ्यातला बाण जगभर चेष्टेचा विषय झाला.

वाक्य वाईट नव्हतं. अख्ख्या माणसाचं आयुष्य त्या एका ओळीत मावलं होतं, आणि घोटाळा झाला तो नेमका त्यामुळेच. इतकं खासगी दुखणं एकाच माणसाचं असू शकतं. ते डझनभर तोंडांतून आलं की माणूस नाहीसा होतो आणि टेप ऐकू येते.

गेमच्या धंद्यात अशा छोट्या वाक्यांना ‘बार्क’ म्हणतात, म्हणजे भुंकणं. कुत्रा एकदा भुंकतो आणि घरातल्यांना कळतं की फाटकाशी कोणीतरी आलंय. बार्कचं कामही तेवढंच असतं. ‘गोळ्या संपल्या’, ‘मागे बघ’, ‘लागलं मला’ अशी दोन-तीन शब्दांची ओळ खेळाडूला पडद्यावरून नजर न हलवता बातमी देते. कथेतले मोठे संवाद खेळाडू बहुधा एकदाच ऐकतो. बार्क मात्र तो किती वेळा ऐकेल, याचा हिशोब लेखकाला आधीच करावा लागतो. समजा, वीस तासांचा खेळ आहे आणि पहारेकऱ्याला चाहूल लागण्याचा प्रसंग तासाला तीसदा येतो. म्हणजे सहाशे प्रसंग झाले. सहा ओळी लिहिल्या तर प्रत्येक ओळ शंभरदा कानावर पडणार.

हाच पहारेकरी जवळून पाहू. रात्रीची वेळ, खेळाडू भिंतीआड दबा धरून बसलाय आणि त्याच्या पायाखाली काहीतरी वाजतं. नवखा लेखक पटापट लिहितो: ‘कोण आहे?’, ‘कोण आहे तिकडे?’, ‘कोण रे ते?’, ‘कोण आहे, बाहेर ये!’ कागदावर या चार ओळी आहेत, पण कानाला ती एकच ओळ. ऐकणाऱ्याच्या लक्षात राहते ती वाक्याची सुरुवात आणि त्याची चाल. चारही ओळी ‘कोण’नेच सुरू होतात आणि चारही प्रश्नाच्या सुरात वर चढतात.

म्हणून दुसऱ्या खर्ड्यात सुरुवात, लांबी आणि वाक्याचा प्रकार बदलायचा. ‘हं?’ ही एक. ‘थांब जरा. काहीतरी वाजलं.’ ही दुसरी. ‘ऐकलंस?’ ही तिसरी, पण ती शेजारी दुसरा पहारेकरी असेल तरच शोभते, म्हणून तिला तशी अट जोडायची. ‘दगड घरंगळला वाटतं’ ही ओळ सहज सुचते आणि बोलायलाही छान आहे, तरी ती काढून टाकावी लागते. कारण ती ऐकून खेळाडूला वाटेल, पहारेकऱ्याची समजूत पटली, आता निघायला हरकत नाही. प्रत्यक्षात तो कंदील घेऊन इकडेच येत असतो. ओळी कितीही वेगळ्या केल्या तरी बातमी एकच राहिली पाहिजे: त्याने ऐकलंय, अजून पाहिलेलं नाही.

मग सुचते ती लाडकी ओळ: ‘आजी म्हणायची, रात्री आवाजामागे जाऊ नये.’ ही ठेवावी. पण ती एकाच पहारेकऱ्याच्या तोंडी आणि अख्ख्या खेळात एकदाच वाजावी, असा नियम घालून. बार्क लिहिण्यातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच. जी ओळ जास्त वेळा वाजणार, ती जास्त साधी हवी. ‘हं?’ शंभरदा ऐकूनही कोणी वैतागत नाही, कारण ते लक्षातच राहत नाही. विनोद, म्हण किंवा आठवण घातलेली ओळ दुसऱ्याच खेपेला ओळखू येते. आपली सर्वांत चांगली वाक्यं दुर्मीळ ठेवायची आणि साध्या वाक्यांवर रोजचा भार टाकायचा, हे लेखकाच्या स्वभावाला न रुचणारं काम आहे.

ओळी लिहून झाल्या की त्या वाजवायच्या कशा, हा प्रश्न येतो. दर वेळी सहांतली कुठलीही एक उचलायची असं ठरवलं, तर तीच ओळ लागोपाठ येण्याची शक्यता सहात एक असते, आणि लागोपाठ आलेली ओळ हमखास खटकते. त्यापेक्षा ओळी पत्त्यांसारख्या पिसायच्या, एकेक वापरायची आणि गड्डी संपल्यावरच पुन्हा पिसायची. जुन्या गड्डीतलं शेवटचं पान नव्या गड्डीत पहिलं येऊ नये, एवढं पाहायचं. शिवाय दोन ओळींमध्ये किमान काही सेकंदांचं अंतर ठेवायचं आणि कधीकधी पात्राला गप्पही बसू द्यायचं.

याच्या पुढची पायरी वॉल्व्ह कंपनीच्या ‘लेफ्ट फोर डेड’मध्ये दिसते. २००८च्या या खेळात चार माणसं मृतवत झालेल्या जमावांशी लढत शहराबाहेर पडतात आणि वाटेत सतत एकमेकांशी बोलतात. तिथली पद्धत एलन रस्किन या प्रोग्रामरने २०१२च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये उलगडून सांगितली. प्रत्येक ओळीला अटी जोडलेल्या असतात: कोण बोलतंय, कुठे आहे, जखमी आहे का, जवळ कोण आहे. प्रसंग आला की लागू होणाऱ्या नियमांपैकी ज्याच्या जास्तीत जास्त अटी जुळतात, तो नियम जिंकतो. अटी जुळल्या नाहीत तर सर्वसाधारण ओळ तयार असतेच. त्यामुळे लेखक आधी साध्या ओळींचा पाया घालतो आणि मग सवडीने खास प्रसंगांच्या ओळी वर रचत जातो. प्रोग्रामरला पुन्हा हात लावावा लागत नाही.

मराठीत असं लिखाण करायचं तर एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवावी लागते. आपलं क्रियापद लिंग सांगतं. पात्र बाई की पुरुष हे खेळाडू निवडणार असेल, तर ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ अशा दोन ओळी लागतात, आणि सोबत्याने मारलेल्या हाकेलाही ‘कुठे गेलास’, ‘कुठे गेलीस’ अशी जोडी लागते. ‘गोळ्या संपल्या’ मात्र दोघांनाही चालते. ओळींची संख्या कमी ठेवायची असेल तर अशी वाक्यं आधी शोधावीत.

एवढं करूनही चूक कळते ती खेळताना. तक्त्यात ओळी एकाखाली एक वाचताना कुठलीच खटकत नाही. एकच लढाई सात-आठ वेळा हरून पुन्हा सुरू केली की दोष कानाला टोचतो. २०२२च्या ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’मध्ये नायिका एलॉय, सापडलेली वस्तू साठ्यात पाठवताना दर वेळी तसं बोलून दाखवायची. खेळाडू कंटाळले, तक्रारी झाल्या. गेरिला कंपनीने काही आठवड्यांत सुधारित आवृत्ती काढली आणि त्यात तिचं हे बोलणं कमी केलं.