एक स्टार, मग चार

फेब्रुवारीत मी आमच्या गावातल्या एका चष्म्याच्या दुकानाला एक स्टार दिला होता. एप्रिलमध्ये तोच रिव्ह्यू उघडला आणि बदलला. पहिल्या वेळी मी जे लिहिलं त्यात खोटं काही नव्हतं. तरी एप्रिलपर्यंत ते वाक्य खरं राहिलं नव्हतं, आणि माझ्या नावावर ते तसंच राहू देणं मला पटेना.

झालं होतं असं. पन्नाशीनंतर मला पहिल्यांदाच प्रोग्रेसिव्ह चष्मा लागला. या चष्म्याच्या काचेत वरच्या भागात लांबचा नंबर असतो, तो खाली येत येत हळूहळू बदलतो आणि तळाशी वाचायचा नंबर येतो. मधे रेघ नसते, म्हणून तो दिसायला साधा दिसतो. पण त्याच रेघ नसण्यामुळे काच नेमकी कुठे बसवायची हे फार जपून ठरवावं लागतं. डोळ्याची बाहुली फ्रेममध्ये किती उंचीवर येते आणि नाकाच्या मध्यापासून प्रत्येक बाहुली किती दूर आहे, ही दोन मापं चुकली की नंबर बरोबर असूनही चष्मा निकामी.

माझं तेच झालं. पेपर वाचायला हनुवटी वर करावी लागायची, इतकी की आठवड्याभरात मान धरली. वाचताना ओळीचा मधला तुकडा स्पष्ट दिसे आणि दोन्ही टोकं धूसर. दुकानात गेले तर उत्तर मिळालं, "सवय होईल, मॅडम." तीन आठवडे सवय करून घेतली. मग 7,400 रुपयांचा चष्मा ड्रॉवरमध्ये ठेवला आणि गूगल मॅप्सवर लिहिलं: "इथे मापं न घेता प्रोग्रेसिव्ह चष्मा बनवतात. तक्रार केली तर सवय होईल म्हणतात. पैसे वाया."

तीन दिवसांनी खाली मालकांचं उत्तर आलं. वाद नव्हता, "चष्मा घेऊन या, तपासून सांगतो" एवढंच होतं. मी गेले. त्यांनी काच दिव्यासमोर तिरकी धरून मला एक गोष्ट दाखवली. प्रत्येक प्रोग्रेसिव्ह काचेवर दोन बाजूंना दोन बारीक खुणा कोरलेल्या असतात, एकमेकींपासून 34 मिलिमीटरवर. सहज बघितलं तर त्या दिसतही नाहीत. त्या शोधून पेनाने ठिपके दिले आणि काच कंपनीच्या तक्त्यावर ठेवली की बाहुलीसमोर यायला हवा तो बिंदू कुठे बसलाय हे कळतं. माझ्या चष्म्यात तो बाहुलीच्या चार मिलिमीटर खाली बसला होता. वाचायचा भाग तेवढाच खाली गेला, म्हणून हनुवटी वर. शिवाय माझी उजवी बाहुली नाकाच्या मध्यापासून 30 मिलिमीटरवर आहे आणि डावी 33 वर. दुकानातल्या मुलाने दोन बाहुल्यांमधलं अंतर 63 मोजलं आणि सरळ निम्मं करून टाकलं. टोकं धूसर दिसायचं कारण ते.

मालकांनी स्वतःच्या खर्चाने दोन्ही काचा नव्याने करून दिल्या. दहा दिवसांत चष्मा आला आणि तो घालून मी त्याच संध्याकाळी अख्खा पेपर वाचला.

घरी सगळे म्हणाले, आता लगेच पाच स्टार देऊन टाक. मी दिले नाहीत, आणि या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. त्या दिवसापर्यंत माझी तक्रार मिटली होती, दुकानातली चूक मिटली होती की नाही हे मला माहीत नव्हतं. पैसे परत मिळणं, वस्तू बदलून मिळणं, माफी मिळणं, हा माझा आणि त्यांचा हिशेब झाला. रिव्ह्यू वाचणारा माणूस तो हिशेब बघायला आलेला नसतो. त्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं की उद्या मी गेलो तर माझं माप नीट घेतील का. याचं उत्तर माझ्या नव्या काचांमध्ये नव्हतं.

ते एप्रिलमध्ये मिळालं. सासूबाईंचा चष्मा करायचा होता, आणि मुद्दाम त्याच दुकानात गेलो. तोच मुलगा होता. त्याने आधी सासूबाईंना निवडलेली फ्रेम घालून नाकावर नीट बसवून दिली. मग स्टूल ओढून त्यांच्या समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसला. "आजी, माझ्या नाकाकडे सरळ बघा, मान हलवू नका," म्हणाला आणि फ्रेममधल्या नमुन्याच्या काचेवर दोन्ही बाहुल्यांसमोर मार्करने एकेक ठिपका दिला. फ्रेम काढली, पुन्हा घातली, ठिपके जागेवर येतात का ते पाहिलं. दोन डोळ्यांचं अंतर वेगवेगळं मोजायचं एक लहान यंत्र टेबलावर आलं होतं, त्यातून आकडे घेतले आणि कागदावर उजवा-डावा असे स्वतंत्र लिहिले. मला पाहून कोणी हे करत नव्हतं, त्या मुलाच्या लक्षातही मी नव्हते. त्या रात्री मी रिव्ह्यू बदलला.

बदलायचा म्हणजे नेमकं काय करायचं, इथे बरेच जण अडखळतात. गूगल मॅप्सवर एका खात्यावरून एका जागेला एकच रिव्ह्यू देता येतो. त्यामुळे नवा अनुभव लिहायचा तर जुनाच उघडावा लागतो: मेनूतल्या Your contributions मध्ये Reviews, तिथे त्या रिव्ह्यूशेजारचे तीन ठिपके आणि मग Edit review. अडचण ही की तुम्ही जे पुसाल ते वाचणाऱ्याला पुन्हा दिसत नाही. जुना मजकूर काढून "छान दुकान" लिहिलं तर फेब्रुवारीत काय झालं होतं हे कायमचं गेलं. रिव्ह्यू सरळ काढून टाकणं मला त्याहून वाईट वाटतं, कारण त्यात चुकीबरोबर ती सुधारल्याची नोंदही जाते. आणि गिऱ्हाईक म्हणून मला तर तीच नोंद सर्वांत उपयोगाची वाटते. कधीच न चुकलेल्या दुकानापेक्षा, चुकल्यावर काय करतं हे माहीत असलेल्या दुकानात मी जास्त निर्धास्तपणे जाते.

म्हणून मी जुनं जसंच्या तसं ठेवलं, त्याच्या आधी "फेब्रुवारीत लिहिलेलं" एवढं घातलं आणि वर नवं लिहिलं:

"एप्रिलमधली भर: मालकांनी चूक शोधून काढली आणि काचा विनामूल्य बदलून दिल्या. त्यानंतर घरातल्या दुसऱ्या चष्म्यासाठी गेलो, तेव्हा फ्रेम चेहऱ्यावर ठेवून दोन्ही डोळ्यांची मापं वेगवेगळी घेतली. तो चष्माही नीट झाला. आधी तक्रार घेऊन गेल्यावर मात्र 'सवय होईल' म्हणून परत पाठवलं होतं."

काचा फुकट मिळाल्या हे मी मुद्दाम लिहिलं. वाचणाऱ्याला ते कळायला हवं, मग त्याचं वजन किती धरायचं ते तो ठरवेल. चुकीची वस्तू बदलून मिळणं हा गिऱ्हाइकाचा हक्कच आहे, त्यात लाच नाही. पण "आधी स्टार वाढवा, मग पैसे परत देतो" असं कोणी म्हणालं तर तो सौदा होतो. वाईट रिव्ह्यू बदलण्यासाठी किंवा काढण्यासाठी सवलत, पैसे वा फुकट वस्तू देणं गूगलच्या नियमांतही बसत नाही. अशा वेळी मी रिव्ह्यूला हात लावणार नाही, उलट त्या मागणीचीच भर घालीन.

स्टारचा प्रश्न वेगळा. काहींचं म्हणणं, आधी एक आणि आता पाच, तर मधले तीन द्यावेत. मला ते पटत नाही. मजकूर इतिहास सांगू शकतो, स्टार सांगू शकत नाहीत. स्टार म्हणजे आज कोणी विचारलं तर मी देईन ते उत्तर. मी चार दिले, कारण माप घेणं सुधारलेलं मी पाहिलं होतं, तक्रार ऐकून घेणं सुधारलं का हे पाहायची वेळ सुदैवाने आली नाही.

एका स्टारने असं काय होतं, हे लहान दुकानाच्या आकड्यांत बघावं. या दुकानाचे तेव्हा 20 रिव्ह्यू होते: पाच स्टारचे 12, चारचे 5, तीनचा 1 आणि एकचे 2. बेरीज 85, सरासरी 4.25. माझ्या एकाचे चार झाल्यावर बेरीज 88 आणि सरासरी 4.4. मी जुना रिव्ह्यू तसाच सोडला असता तर एवढ्यावर यायला दुकानाला पाच नवी गिऱ्हाइकं लागली असती, तीही प्रत्येकी पाच स्टार देणारी. दोन हजार रिव्ह्यू असलेल्या मोठ्या शोरूमला माझ्या तीन स्टारांनी काही फरक पडला नसता. लहान दुकानाला पडतो, आणि तो पैशांतही उतरतो. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी 2011 मध्ये सिॲटलमधल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला, तेव्हा येल्पवरच्या एका स्टारच्या वाढीमागे उत्पन्न 5 ते 9 टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं होतं. फेब्रुवारीतला माझा एक स्टार त्या दुकानाने कमावलेला होता. एप्रिलनंतरही तो तिथेच ठेवला असता तर जी चूक आता होत नाही, तिचा दंड मी वसूल करत राहिले असते.

प्रत्येक तक्रार अशी फिरवता येत नाही. खाण्यातून विषबाधा झाली, कोणाला इजा झाली, तर स्वयंपाकघर कितीही सुधारलं तरी ती नोंद वर ठळक राहायला हवी, भर खाली. मालकच बदलले असतील तर तसं स्पष्ट लिहावं. आणि पुन्हा जायचं मन नसेल, तर न पाहिलेल्या सुधारणेची ग्वाही देण्याची सक्ती कोणावर नाही. "मालकांनी फोन करून दुरुस्ती केल्याचं कळवलं, मी पुन्हा गेलेले नाही" एवढं एक वाक्यही प्रामाणिक असतं आणि पुरतं.

रिव्ह्यू बदलल्यावर मी मालकांना सांगायला गेले, कारण खाली त्यांचं फेब्रुवारीतलं "चष्मा घेऊन या" हे उत्तर तसंच लटकत होतं. मालकाला स्वतःचं उत्तर बदलता येतं हे त्यांना माहीत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, तो दुसरा एक स्टार आहे ना, त्यांनाही सांगता येईल का बदलायला?" तो रिव्ह्यू कोणा गृहस्थांचा होता, फ्रेमचा स्क्रू दोनदा निखळल्याचा. मी म्हटलं, स्टारचं नाव काढू नका. स्क्रूचं काय केलंत ते महिन्यासकट खाली लिहा आणि एकदा येऊन बघा म्हणून बोलवा. त्यांनी गल्ल्यावरच फोन पुढे ओढला आणि लिहायला घेतलं: "मार्चपासून आपण सगळ्या फ्रेमचे स्क्रू देण्याआधी तपासतो..." मग थांबले, आतल्या मुलाला हाक मारून विचारलं, "सगळ्या तपासतोस ना रे?" तो म्हणाला, "मेटलच्या तपासतो." मालकांनी "सगळ्या" खोडलं आणि "मेटलच्या" लिहिलं.