वाद 420 रुपयांचा, अडकले साडेतीन हजार

डिलिव्हरी करणाऱ्या मुलांच्या बोलण्यात ‘नोकरी गेली’ असं येत नाही, ‘आयडी बंद झाली’ असं येतं. ॲप उघडायला जावं तर लॉगिन होत नाही, स्क्रीनवर नियमभंगाची एक ओळ दिसते. कुठला नियम, कधी मोडला, ते त्या ओळीत नसतं. टीम लीडरला फोन केला तर तो ‘वरून झालंय’ म्हणतो.

पुण्यातला एक रायडर नमुन्यादाखल घेऊ. त्याचा हिशोबाचा आठवडा सोमवार ते रविवार, पैसे बुधवारी खात्यात. शनिवारी रात्री आयडी बंद होते, कारण एका ग्राहकाने 420 रुपयांचं पार्सल मिळालंच नाही अशी तक्रार केली आहे. तोवर आठवड्याची कमाई 4,860 रुपये झालेली. रोख ऑर्डरींचे 1,340 रुपये त्याच्याच खिशात आहेत, ते कंपनीचे. ते वजा केले की त्याचे येणे राहते 3,520 रुपये. बुधवारी खात्यात काहीच येत नाही.

इथे बहुतेकांचा अर्ज चुकतो. ‘माझी काही चूक नाही, आयडी चालू करा, घरी अडचण आहे,’ एवढंच लिहिलं जातं, आणि ‘निर्णय अंतिम आहे’ असं छापील उत्तर येतं. खरं तर ही दोन प्रकरणं आहेत. पुढे काम द्यायचं की नाही, यात कंपनीने करारात स्वतःला बरीच मोकळीक ठेवलेली असते. पोहोचवून झालेल्या ऑर्डरींचे पैसे मात्र सरळ देणं आहे. ग्राहकाची तक्रार खरी धरली तरी 420 वजा जाता 3,100 रुपये उरतात, आणि त्यांच्याबद्दल कुणाचाच वाद नाही. गैरप्रकार झाल्यास सगळा पेआउट रोखू, असं कलम करारात असलं तरी भारतीय करार कायद्याचं 74 वं कलम करारभंगासाठी वाजवी भरपाईच मान्य करतं. 420 च्या नुकसानीपोटी 3,520 गिळणं त्यात बसवणं कठीण आहे.

म्हणून अर्ज असा असावा: ‘माझी आयडी अमुक तारखेला बंद केली. (1) कोणत्या ऑर्डरमुळे आणि कोणत्या पुराव्यावर, ते लेखी कळवा. (2) या आठवड्याचे माझे 3,520 रुपये येणे आहे, हिशोब सोबत जोडला आहे. वादातले 420 रुपये तूर्त बाजूला ठेवून उरलेले 3,100 सात दिवसांत जमा करा.’ तो चॅटवर न टाकता तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवर पाठवावा. आयडीबरोबर चॅटही बंद होते, ईमेल आपल्याकडे राहतो. सोबत त्या ऑर्डरचा फोटो किंवा ओटीपीचा तपशील, ग्राहकाला केलेल्या फोनची नोंद आणि मागच्या पेआउटचं बँक स्टेटमेंट जोडावं. खिशातली रोख भरून पावती घ्यावी. ती अडवून धरली की रायडरवरच पैसे लाटल्याचा ठपका येतो, आणि चांगला दावा हातचा जातो.

उत्तर आलं नाही तर? इथे कायदा तोकडा पडतो. नोकरीवरून काढलेल्या माणसाचा पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करावा, असं वेतन संहिता सांगते. पण कंपन्यांच्या कागदावर रायडर नोकर नसतो, ‘पार्टनर’ असतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराला जागा आहे, पण ती विमा आणि कल्याण योजनांपुरती. कर्नाटकाने 2025 च्या कायद्यात काम थांबवण्याआधी लेखी कारण आणि 14 दिवसांची नोटीस आणली. पुण्यातल्या रायडरला तिचा आधार घेता येत नाही. ग्राहक न्यायालयही त्याचं नव्हे, कारण तो ग्राहक नाही.

हाताशी उरतो तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता. न्यायालयाच्या आवारातल्या या कार्यालयात दावा दाखल करण्याआधीच लोकअदालतीसाठी अर्ज करता येतो, आणि उत्पन्नाच्या निकषात बसणाऱ्याला वकीलही मोफत मिळतो. कंपनी तडजोडीला तयार नसेल तर मात्र तिथे काही निघत नाही. मग दिवाणी दावा, आणि साडेतीन हजारांसाठी एकट्याने तो लढणं परवडत नाही. एकाच शहरातले असे दहा-बारा जण संघटनेमार्फत एकत्र नोटीस पाठवतात, तेव्हा तिचं वजन वेगळं पडतं.

पण या सगळ्याला हिशोब हवा, आणि तो असतो ॲपमध्ये, जे आता उघडत नाही. तेव्हा ज्यांची आयडी आज चालू आहे त्यांनी रोज रात्री कमाईच्या आणि हातातल्या रोखीच्या पानाचा स्क्रीनशॉट घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवावा. पैशाचा दावा करायला मुदत तीन वर्षांची असते.