पारा थांबतो तिथला खर्च

फ्रीझरमधला १०० ग्रॅम बर्फ, तापमान उणे १८ अंश सेल्सिअस. त्याची १२० अंशांची वाफ करायची आहे. उष्णता किती लागेल? पहिला मोह होतो तो तापमानातला फरक काढण्याचा: १३८ अंश. त्याला वस्तुमानाने आणि पाण्याच्या विशिष्ट उष्माधारकतेने, म्हणजे ४.१८ने, गुणलं की जेमतेम ५८ किलोज्यूल येतात. खरं उत्तर याच्या पाचपटीहून जास्त आहे.

हा उरलेला खर्च पहिल्यांदा नीट पकडला तो ग्लासगो विद्यापीठातल्या जोसेफ ब्लॅक यांनी, १७६०च्या दशकाच्या सुरुवातीला. त्यांनी एका मोठ्या दालनात काचेचे दोन सारखे चंबू टांगले. एकात बर्फ होता, दुसऱ्यात जवळपास तितकंच थंड पाणी. पाणी अर्ध्या तासात ७ अंश फॅरनहाइटने तापलं. बर्फाला वितळून त्याच तापमानाला यायला साडेदहा तास लागले. दालनातली ऊब दोघांनाही सारखीच मिळत होती. बर्फाने घेतलेली मात्र तापमापीवर दिसतच नव्हती. म्हणून ती ‘अप्रकट’ उष्मा.

आता आपला हिशेब. तापमान चढतं तिथे वस्तुमान, विशिष्ट उष्माधारकता आणि तापमानातला फरक यांचा गुणाकार करायचा. अवस्था बदलते तिथे तापमान हलत नाही, त्यामुळे फरकाचा प्रश्नच येत नाही. वस्तुमानाला थेट अप्रकट उष्म्याने गुणायचं. बर्फ उणे १८ वरून शून्यावर आणायला १०० × २.१ × १८, म्हणजे ३.८ किलोज्यूल. इथे पाण्याचे ४.१८ घालणं ही नेहमीची चूक. बर्फाला त्याच्या निम्मीच उष्णता पुरते. वितळायला दर ग्रॅमला ३३४ ज्यूल, म्हणजे ३३.४ किलोज्यूल. पाणी शून्यापासून शंभरपर्यंत तापवायला ४१.८. उकळून सगळ्याची वाफ व्हायला दर ग्रॅमला २,२६० ज्यूल लागतात, त्यामुळे एकदम २२६ किलोज्यूल. आणि वाफ १०० वरून १२० वर न्यायला, विशिष्ट उष्माधारकता २ धरून, ४. बेरीज ३०९ किलोज्यूल.

यातला जवळपास तीन चतुर्थांश भाग एकट्या उकळण्यात जातो. ५०० वॅटचा हीटर घेतला आणि एक ज्यूलही वाया गेला नाही असं धरलं, तर बर्फ शून्यावर यायला आठेक सेकंद, वितळायला ६७, पाणी शंभरावर यायला ८४ आणि वाफ व्हायला साडेसात मिनिटं. आलेखावर हीच ती लांबलचक आडवी रेघ. वितळताना रेणूंची घडी फक्त सैल होते. वाफ होताना प्रत्येक रेणूला शेजाऱ्यांच्या ओढीतून पूर्ण सुटावं लागतं. म्हणून दुसरा खर्च पहिल्याच्या जवळजवळ सातपट.

खरी कसोटी उलट्या प्रश्नात लागते. याच बर्फाला १०० किलोज्यूलच दिले, तर शेवटी हाती काय? सूत्रात आकडे भरून उत्तर येत नाही. पाकिटातले पैसे मोजत बाजार करावा तसं एकेक टप्पा वजा करत जायचं. ३.८ गेले, ३३.४ गेले, ४१.८ गेले, उरले २१. सगळं पाणी उकळवायला २२६ हवेत, म्हणजे गाडी याच टप्प्यात अडणार. २१,००० ज्यूलना २,२६० ने भागलं की ९.३ ग्रॅम. एवढीच वाफ होते, बाकीचं ९०.७ ग्रॅम पाणी शंभर अंशांवरच राहतं. कुणाचं उत्तर इथे १०० अंशांहून जास्त आलं, तर एक टप्पा गाळला गेला असं खुशाल समजावं. उत्तर हजारपटीने चुकलं असेल, तर बहुधा ज्यूल आणि किलोज्यूल एकाच बेरजेत बसलेत.

प्रयोगशाळेत काढलेला आलेख मात्र पुस्तकातल्यासारखा कोनदार येत नाही. भांडं, तापमापी आणि भोवतालची हवा आपापला वाटा घेतात. ढवळलं नाही तर तळाशी पाणी तापलेलं आणि वर बर्फ तरंगतोय अशी स्थिती होते, मग तापमापी बुडवाल तिथला आकडा दाखवते आणि शून्यावरची रेघ वाकडी येते. वरची आडवी रेघ तर गावागणिक खाली-वर होते, कारण उत्कलनबिंदू हवेच्या दाबावर ठरतो. समुद्रसपाटीला तो १००. सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात ९५-९६ अंशांच्या आसपास. तिथे पाणी तापवण्याच्या टप्प्यात १०० ग्रॅममागे दोनेक किलोज्यूल वाचतात, पण त्यातले काही पुढच्याच टप्प्यात परत जातात, कारण कमी तापमानाला उकळणाऱ्या पाण्याचा अप्रकट उष्मा किंचित जास्त असतो.