‘चला, सुरू करू या?’ काय सुरू करू या?

मंगळवारी सकाळी साडेदहाची वेळ. माझी रूममेट चहा गाळत होती आणि तिच्या फोनवर मेसेज आला. नंबर अनोळखी, डीपीवर फॉर्मल कपड्यांतली एक मुलगी. मेसेज इंग्रजीत होता, पण मराठीत सांगायचं तर एवढाच : ‘गुड मॉर्निंग! रेडी आहात ना? चला, आजचं सेशन सुरू करू या.’

आता गंमत बघा. कसलं सेशन, कोणाबरोबर, कधी ठरलं, यातलं काहीच त्या मेसेजमध्ये नव्हतं. तरीही रूममेटच्या डोक्यात पहिला विचार आला तो ‘हे कोण?’ असा नव्हता. ‘अरे बापरे, मी विसरले की काय?’ असा होता. कारण मागच्या महिनाभरात तिने इंटर्नशिपसाठी चाळीसेक ठिकाणी अर्ज टाकले होते. तुम्हीही टाकले असतील. कुठे गूगल फॉर्म, कुठे मेल, कुठे एखाद्या पोर्टलवर ‘अप्लाय’चं बटण. त्यातलं काय कुठे गेलं हे कोणाच्या लक्षात राहतं?

म्हणून तिने लगेच टाइप केलं, ‘सॉरी, हे कंटेंट रायटिंगच्या इंटर्नशिपबद्दल आहे का?’

समोरून उत्तर आलं, ‘हो, तेच.’

संध्याकाळी सात वाजेपर्यंत तिचे साडेसोळा हजार रुपये गेले होते. ते कसे गेले हे तिच्या परवानगीने सांगते. पण त्याआधी वरच्या दोन ओळी पुन्हा वाचा. समोरच्याने नोकरीचं नाव घेतलंच नव्हतं. ते तिने स्वतः पुरवलं. त्याने फक्त ‘हो’ म्हटलं.

या फसवणुकीला पोलीस आणि बँका ‘टास्क फ्रॉड’ किंवा ‘पार्टटाइम जॉब फ्रॉड’ म्हणतात. पहिला मेसेज मुद्दाम रिकामा ठेवलेला असतो. ‘आमच्याकडे नोकरी आहे’ असं लिहिलं तर तुम्ही विचार कराल, शंका घ्याल. पण सगळं आधीच ठरलंय आणि फक्त तुमचीच वाट बघतोय, अशा सुरात लिहिलं की शंका स्वतःच्या विसरभोळेपणावर जाते. हाच मेसेज हजारो नंबरांवर जातो. एखाद्याला त्यात इंटर्नशिप दिसते, एखाद्या काकूंना योगाचा ऑनलाइन क्लास दिसतो, एखाद्या काकांना शेअर बाजाराची शिकवणी. रिकामी जागा ज्याची तो भरतो.

आता पुढचा दिवस. ‘सेशन’ म्हणजे काय, तर गूगल मॅप्सवर तीन हॉटेलांना पाच स्टार द्यायचे आणि स्क्रीनशॉट पाठवायचा. एका रेटिंगचे ५० रुपये. तिने तिन्ही केले. मग तिला टेलिग्रामवरच्या एका ‘रिसेप्शनिस्ट’कडे पाठवलं, एक कोड दिला, तो सांगितल्यावर यूपीआय आयडी मागितला आणि १५० रुपये खरंच जमा झाले. आम्ही दोघी हसलो. दुपारच्या जेवणाचे सुटले म्हणालो.

हे १५० रुपये म्हणजे या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा खर्च. अमेरिकेत १९६६ साली जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. घराच्या अंगणात ‘गाडी जपून चालवा’ असा मोठा, बेढब फलक लावू द्याल का, असं लोकांना विचारलं. थेट विचारलं तेव्हा १७ टक्के लोक हो म्हणाले. पण ज्यांनी दोनेक आठवडे आधी सुरक्षित ड्रायव्हिंगची छोटीशी पाटी लावायला होकार दिला होता, त्यांच्यातले ७६ टक्के मोठ्या फलकालाही हो म्हणाले. छोटी गोष्ट केली की आपण स्वतःला ‘यात असलेला माणूस’ समजायला लागतो. ‘चला, सुरू करू या’ला दिलेलं ‘ओके’ ही पहिली छोटी पाटी. तीन रेटिंग ही दुसरी.

दुपारी तिला एका ग्रुपमध्ये घेतलं. तिथे लोक धडाधड ‘पेमेंट मिळालं’चे स्क्रीनशॉट टाकत होते. (अशा ग्रुपमधले बहुतेक ‘मेंबर’ त्यांचेच असतात.) आता ‘प्रीपेड टास्क’ होता : १,००० रुपये भरा, १,३०० परत. तिने भरले आणि दहा मिनिटांत १,३०० आले. पुढचा टास्क ५,०००चा. ते भरल्यावर मात्र पैसे खात्यात आले नाहीत. एका वेबसाइटवरच्या तिच्या ‘वॉलेट’मध्ये ६,५०० दिसायला लागले. काढायला गेली तर सांगितलं, हा ‘कॉम्बो टास्क’ आहे, तीन टप्पे पूर्ण केल्याशिवाय पैसे निघत नाहीत. तिने बचतीतले १२,००० भरले. स्क्रीनवर आकडा झाला २२,१००. मग तिसरा टप्पा आला, २८,०००चा.

इथे ती थांबली. शहाणपण सुचलं म्हणून नाही, खात्यात पैसेच उरले नव्हते म्हणून. तिने माझ्याकडे मागितले, मी कशाला विचारलं आणि मग आम्ही दोघींनी कागदावर हिशेब मांडला. गेले १८,०००, आले १,४५०. तोटा १६,५५०. ते २२,१०० नुसते स्क्रीनवर टाइप केलेले आकडे होते. २८,००० भरले असते तर पुढे ‘तुमच्या चुकीमुळे ऑर्डर फ्रीझ झाली, दंड भरा’ किंवा ‘पैसे काढायचा टॅक्स भरा’ असं काहीतरी निघालंच असतं. या प्रकारात शेवटचा टप्पा नसतो.

आम्ही १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन लावला. तेव्हा शेवटचं पेमेंट होऊन चाळीस मिनिटं झाली होती. फोनवर त्यांनी जे विचारलं ते हाताशी ठेवा : कोणत्या बँकेतून गेले, किती, किती वाजता आणि प्रत्येक व्यवहाराचा नंबर. यूपीआयचा हा संदर्भ नंबर १२ अंकी असतो, अ‍ॅपमध्ये त्या पेमेंटवर टॅप केलं की दिसतो. तक्रार नोंदली की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला कळवलं जातं. पैसे तिथे असतील तर ते रोखून धरतात. पुढे सरकले असतील तर पुढच्या बँकेला निरोप जातो. म्हणजे ही शर्यत असते. भामटे भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून रक्कम भराभर फिरवतात आणि शेवटी काढून घेतात. एकदा एटीएममधून नोटा निघाल्या की रोखायला काही उरत नाही. तिच्या १२,०००पैकी ७,४०० दुसऱ्या खात्यात सापडले आणि तिथेच रोखले गेले. बाकीचे गेले. रोखलेले पैसेही लगेच मिळत नाहीत, त्यासाठी कायदेशीर प्रक्रिया असते. फोननंतर cybercrime.gov.in वर चॅटचे स्क्रीनशॉट जोडून तक्रार पूर्ण केली. चॅट डिलीट करू नका, लाज वाटली तरी.

आणखी एक गोष्ट आम्हाला नंतर कळली. ते १५० आणि १,३०० रुपये कुठल्या कंपनीच्या खात्यातून आले नव्हते, दोन वेगवेगळ्या माणसांच्या वैयक्तिक खात्यांतून आले होते. असे पैसे अनेकदा दुसऱ्या एखाद्या फसलेल्या माणसाचे असतात. त्याने तक्रार केली की पैशाचा माग तुमच्या खात्यापर्यंत येऊ शकतो आणि तुमच्या खात्यातली रक्कम अडकू शकते. त्यामुळे ‘पहिले दीडशे घेऊन ब्लॉक करू, आपलं काय जातं’ हा हुशारपणाही करू नका.

मग अनोळखी नंबरावरून ‘चला सुरू करू या’ आलं तर करायचं काय? खरं सांगायचं तर खऱ्या एचआरचे मेसेजही कधीकधी असेच तुटक असतात, त्यामुळे प्रत्येकाला ब्लॉक केलं तर एखादी खरी संधी जाईल. फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो, फक्त त्यात उत्तर दडलेलं नको. ‘तुम्ही अमुक कंपनीतून का?’ असं विचारलं की ‘हो’च येणार. त्याऐवजी विचारा : ‘मी कोणत्या पदासाठी, कुठे अर्ज केला होता?’ खऱ्या माणसासमोर तुमचा अर्ज उघडा असतो, तो सांगेल. ‘कंपनीच्या मेलवरून कळवा’ म्हटलं तर कळवेल. भामटा प्रश्नाला बगल देतो, कामाची यादी पाठवतो किंवा ‘वेळ कमी आहे, स्लॉट जाईल’ म्हणून घाई करतो. आणि काम देणारा तुमच्याकडून पैसे मागायला लागला, की रक्कम कितीही छोटी असो, तिथे संपलं.

शेअर बाजारवाल्यांची तऱ्हा थोडी वेगळी. ते मेसेजही करत नाहीत, थेट ग्रुपमध्ये ओढतात आणि सव्वानऊला, बाजार उघडायच्या वेळी, ‘आजचं सेशन सुरू करू या’ म्हणतात. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपमध्ये Settings, मग Privacy, मग Groups इथे जाऊन My contacts निवडा. अनोळखी माणूस तुम्हाला परस्पर ग्रुपमध्ये घालू शकणार नाही. आईबाबांच्या फोनमध्येही करून द्या.

तीन आठवड्यांनी रूममेटला पुन्हा मेसेज आला. नवा नंबर, डीपीवर पोलिसांचा लोगो. ‘मॅडम, तुमच्या रिफंडची प्रोसेस सुरू करू या?’ एकदा फसलेल्यांचे नंबर पुढे विकले जातात आणि ‘पैसे परत मिळवून देतो’ म्हणत दुसऱ्यांदा फी उकळली जाते. यावेळी तिने ‘माझे १६,५५० का?’ असं विचारलं नाही. तिने लिहिलं, ‘माझा तक्रार नंबर काय आहे?’

दोन निळ्या टिका आल्या. उत्तर आलं नाही. तिने स्क्रीनशॉट काढून ‘संचार साथी’ पोर्टलवरच्या ‘चक्षू’मध्ये तो नंबर कळवला आणि चहा गाळायला गेली.