दुरुस्त झालेला बग पुढच्या रिलीजमध्ये परत का येतो

सॉफ्टवेअरमधला एखादा बग दुरुस्त होतो, ग्राहकाची तक्रार मिटते आणि महिनाभराने नवी आवृत्ती आली की तोच बग तसाच्या तसा पुन्हा दिसू लागतो. अशा वेळी कोणीतरी नवी चूक केली असेल असा पहिला संशय येतो. पुष्कळदा तशी चूक कोणीच केलेली नसते. दुरुस्ती कोडच्या एका ब्रँचवर झालेली असते आणि नवी आवृत्ती दुसऱ्याच ब्रँचवरून तयार झालेली असते. पुस्तकाच्या दुसऱ्या छपाईच्या वेळी चूक प्रुफात सुधारली, पण मूळ संहितेत सुधारायची राहिली, तर त्या संहितेवरून निघणाऱ्या तिसऱ्या आवृत्तीत ती पुन्हा छापली जाणारच. इथे घडते ते हेच.

ब्रँच म्हणजे कोडच्या इतिहासाचा स्वतंत्रपणे पुढे जाणारा धागा. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेल्या गिट या प्रणालीत प्रत्येक बदल 'कमिट' म्हणून नोंदला जातो आणि प्रत्येक कमिटला आपल्या आधीचा कमिट कोणता हे ठाऊक असते. रोजचे काम `main` या मुख्य ब्रँचवर जमा होते. ग्राहकांना दिलेल्या आवृत्तीच्या जागी एक टॅग लावून ठेवतात, म्हणजे नंतर नेमका तोच कोड पुन्हा काढता येतो.

औषधाच्या दुकानांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर करणारा एक गट उदाहरणादाखल घेऊ. १ जूनला त्यांची २.३.० ही आवृत्ती दुकानांत पोचते. १० जूनला तक्रार येते. एका गिऱ्हाइकाने १,००० रुपयांच्या गोळ्यांच्या दहा पट्ट्या दहा टक्के सवलतीने ९०० रुपयांना घेतल्या आणि दोन पट्ट्या परत केल्या. परतावा १८० रुपये व्हायला हवा होता, पण सॉफ्टवेअरने सवलत वजा न करता २०० रुपये दिले. प्रत्येक परतीमागे दुकानदाराचे पैसे जात आहेत, तेव्हा दुरुस्ती आजच हवी.

ती थेट `main` वरून देता येत नाही. गेल्या दहा दिवसांत तिथे नव्या अहवालांचे अर्धवट काम येऊन पडले आहे आणि ते दुकानात पाठवण्याजोगे नाही. म्हणून २.३.० च्या टॅगपासून वेगळी ब्रँच काढतात, तिच्यावर तेवढीच दुरुस्ती करतात आणि २.३.१ म्हणून पाठवतात. अशा तातडीच्या दुरुस्तीला हॉटफिक्स म्हणतात.

```
git switch -c hotfix/2.3.1 v2.3.0
git commit -am "Refund: subtract discount"
git tag v2.3.1
```

इथवर सगळे बरोबर आहे. राहून जातात त्या पुढच्या दोन ओळी:

```
git switch main
git merge hotfix/2.3.1
```

त्या राहण्याची कारणे साधी असतात. रात्री उशिरा दुरुस्ती पोचली, दुकानदाराने चालते आहे असे कळवले, तक्रार 'बंद' झाली. किंवा मर्ज करायला घेतले तर `main` वर परताव्याचा कोड दुसऱ्या फाइलमध्ये हलवलेला निघाला आणि दोन्ही बदल जुळेनात, म्हणून ते काम उद्यावर टाकले गेले. १५ जुलैला `main` वरून २.४.० निघते. दुसऱ्या दिवशी परतावा पुन्हा २०० रुपये येतो.

मधल्या पाच आठवड्यांत एकही इशारा मिळत नाही, आणि या बगचा खरा त्रास तोच आहे. गिटच्या दृष्टीने काही बिघडलेले नसते. `main` च्या इतिहासात ती दुरुस्ती कधी आलीच नाही, त्यामुळे ती काढली गेल्याची नोंदही नाही. ब्रँच वेगळी राहणे हा दोष आहे की हेतू, हे गिटला कळण्याचा मार्ग नाही. बग शोधणाऱ्या चाचण्याही इथे उपयोगी पडत नाहीत. काळजीपूर्वक काम करणारा प्रोग्रामर हॉटफिक्ससोबत १८० रुपयांचा हिशोब तपासणारी स्वयंचलित चाचणी लिहितो खरा, पण ती चाचणी त्याच कमिटमध्ये असते. दुरुस्ती मागे राहिली की चाचणीही मागे राहते. `main` वरच्या सगळ्या चाचण्या हिरव्या दिसतात, कारण हा बग पकडणारी चाचणी तिथे नसतेच. टेस्टरनेही खात्री केलेली असते ती २.३.१ वर. त्यामुळे तक्रारीच्या नोंदीतले 'बंद' फक्त त्या एका आवृत्तीपुरते खरे असते, पण वाचणारा ते सगळ्या आवृत्त्यांना लागू धरतो.

दुरुस्त झालेला दोष पुढच्या आवृत्तीत परतणे मोठ्या कंपन्यांनाही चुकलेले नाही. गुगलच्या प्रोजेक्ट झीरो गटातले नेड विल्यमसन यांनी आयफोनच्या प्रणालीच्या गाभ्यातला एक सुरक्षादोष शोधला. त्याचा नोंदणी क्रमांक CVE-2019-8605. ॲपलने मे २०१९ मध्ये आयओएस १२.३ मधून तो बुजवला. जुलैत आयओएस १२.४ आले आणि दोष पुन्हा उघडा पडला. ऑगस्टमध्ये त्याच्या आधारे अद्ययावत आयफोनचे जेलब्रेक जाहीरपणे उपलब्ध झाले आणि २६ ऑगस्टला १२.४.१ काढून तो दुसऱ्यांदा बंद करावा लागला. परतलेला सुरक्षादोष नव्या दोषापेक्षा घातक असतो. पहिल्या दुरुस्तीनंतर त्याचा तपशील प्रसिद्ध झालेला असतो, त्यामुळे हल्लेखोराला शोधायचे काही उरत नाही.

परतलेला बग या जातीचा आहे का, हे आवृत्त्यांच्या क्रमावरून ओळखता येते. तो २.३.० मध्ये होता, २.३.१ मध्ये नव्हता आणि २.४.० मध्ये पुन्हा आहे, असे दिसले की कोड कोणी बिघडवला हे शोधण्याआधी दुरुस्ती नव्या आवृत्तीत पोचली का, हे पाहावे. दुरुस्तीच्या कमिटचा क्रमांक `9f3c2ab` असेल तर तो कोणकोणत्या ब्रँचवर आहे हे `git branch -a --contains 9f3c2ab` ही आज्ञा सांगते. यादीत `main` नसेल तर उत्तर जवळजवळ मिळालेच.

हे न पाहता बरेच जण थेट `git bisect` कडे वळतात. चांगली आवृत्ती आणि वाईट आवृत्ती सांगितली की मधले कमिट अर्धे अर्धे करत दोष कुठे शिरला ते ही आज्ञा शोधते. इथे २.३.१ चांगली आणि २.४.० वाईट असे सांगितले, तर गिट आधी दोघींचा समान पूर्वज, म्हणजे २.३.०, तपासायला लावते. तिथेही बग आहे असे उत्तर दिले की शोध थांबतो आणि पडद्यावर असा मजकूर येतो (क्रमांक इथे छोटे केले आहेत):

```
The merge base 4d1e07c is bad.
This means the bug has been fixed between 4d1e07c and [9f3c2ab].
```

घाईत असलेल्याला ही आज्ञा फसली असे वाटते. वस्तुतः तिने अचूक निदान केलेले असते: बग नव्याने शिरलेला नाही, तो फक्त हॉटफिक्सच्या धाग्यावर बरा झाला होता.

यादीत `main` नाही म्हणजे दुरुस्ती नक्कीच नाही, असे मात्र नव्हे. अख्खी ब्रँच मर्ज न करता एकच कमिट उचलून दुसरीकडे लावता येतो, त्याला चेरी-पिक म्हणतात. मजकूर तोच असला तरी नव्या जागी त्याला नवा क्रमांक मिळतो आणि जुन्या क्रमांकाने शोधणाऱ्याला तो सापडत नाही. यासाठी `git cherry` क्रमांक न पाहता बदलाचा मजकूर ताडून पाहते.

```
git cherry -v main v2.3.1
+ 9f3c2ab Refund: subtract discount
```

ओळीच्या सुरुवातीला `+` असेल तर तसा बदल `main` वर नाही, `-` असेल तर आहे. चेरी-पिक करताना मजकुरात थोडाही फेरफार करावा लागला असेल तर ही आज्ञाही `+` दाखवते, म्हणून प्रत्येक `+` माणसाने पाहावा लागतो. नवी आवृत्ती काढण्याआधी मागच्या प्रत्येक हॉटफिक्सच्या टॅगसाठी ही एक आज्ञा चालवली असती, तर १५ जुलैचा प्रसंग टळला असता.

उलट बाजूचा सापळा जास्त वाईट आहे. मर्ज करताना दोन्हीकडचे बदल जुळत नाहीत, तेव्हा कोणती बाजू ठेवायची हे गिट माणसाला विचारते. हलवलेल्या फाइलमुळे गोंधळलेल्या प्रोग्रामरने 'आपल्याकडचे ठेवा' म्हणत `main` ची बाजू निवडली, तर दुरुस्ती गळते, पण मर्ज झाल्याची नोंद होते. आता `--contains` च्या यादीत `main` दिसते. नंतर पुन्हा मर्ज केले तरी सगळे आधीच आलेले आहे असे समजून गिट काहीच करत नाही. इतिहास पाहणारी साधी तपासणी इथे खोटा दिलासा देते. खरे उत्तर फक्त १८० रुपयांची चाचणी `main` च्या कोडवर चालवून मिळते, आणि म्हणूनच ती चाचणी दुरुस्तीपासून वेगळ्या कमिटमध्ये ठेवून आधी `main` वर नेणे शहाणपणाचे आहे. दुरुस्ती येईपर्यंत ती लाल राहते आणि कोणाला विसरू देत नाही.

हा विसर कामाच्या क्रमातूनच येतो. व्हिन्सेंट ड्रीसेन यांनी २०१० मध्ये मांडलेल्या आणि पुढे 'गिट-फ्लो' म्हणून खूप वापरल्या गेलेल्या पद्धतीत हॉटफिक्स आधी प्रकाशित कोडवर होतो आणि मग पुढच्या विकासाच्या ब्रँचमध्ये मर्ज करायचा असतो. दुसरी पायरी नियमात स्पष्ट लिहिलेली आहे, पण ती राहिली तर त्या दिवशी कोणाचेच अडत नाही. लिनक्स कर्नलच्या स्थिर आवृत्त्यांचा नियम उलटा आहे: दुरुस्ती किंवा तिला समतुल्य बदल आधी टोरवाल्ड्स यांच्या मुख्य शाखेत असला पाहिजे, मगच तो जुन्या आवृत्तीत घेतला जातो. मूळ कमिटचा क्रमांकही सोबत नोंदवतात. बिलिंगच्या उदाहरणात हा क्रम पाळला, तर दुरुस्ती आधी `main` वर होईल आणि तिथून `git cherry-pick -x` ने २.३ च्या ब्रँचवर येईल. `-x` मुळे मूळ क्रमांक कमिटच्या संदेशात आपोआप लिहिला जातो. या क्रमातही एक पायरी विसरता येते, पण विसरली तर दुकानदाराची तक्रार त्याच दिवशी तशीच उरते आणि फोन पुन्हा वाजतो. चूक लगेच उघडी पडते, पाच आठवडे दडून बसत नाही. त्यामुळे शक्य तिथे हाच क्रम बरा.

सर्वत्र तो शक्य नसतो. `main` वर परताव्याचा सगळा भाग नव्याने लिहिला असेल आणि सवलतीचा हिशोब तिथे मुळातच बरोबर असेल, तर तिथे दुरुस्त करण्यासारखे काही उरत नाही आणि हॉटफिक्स जुन्या आवृत्तीपुरताच राहतो. तेव्हा `git cherry` च्या यादीतला `+` कायमचा राहील. तो का राहू दिला, कोणी पाहिले आणि १८० रुपयांची चाचणी `main` वर चालली का, एवढे तक्रारीच्या नोंदीत लिहून ठेवले म्हणजे पुढची आवृत्ती काढणाऱ्याला तो पुन्हा उकलत बसावे लागत नाही.